25 ला सुरू केलेले 5,000 आणि 35 ला सुरू केलेले 5,000

भाच्याला अंधेरीत पहिली नोकरी लागली. परवा जेवायला आला होता, तेव्हा म्हणाला, "मामा, आत्ता पगार पुरतच नाही. 35 पर्यंत थोडा सेट झालो की बचत सुरू करतो ना, तेवढ्याने काय बिघडतं?" आमच्या घरात या प्रश्नाची दोन्ही उत्तरं कपाटात आहेत. बायकोने 2004 मध्ये, 25 व्या वर्षी पीपीएफ उघडलं आणि मी 2014 मध्ये, 35 व्या. त्यामुळे हे लिहिताना माझं मन एका बाजूला आधीच झुकलेलं आहे, हे सांगून ठेवतो.

तुलना सोपी व्हावी म्हणून दोन्हीकडे पीपीएफच धरतो, दर आजचा 7.1 टक्के, आणि पैसे दर महिन्याच्या 5 तारखेच्या आत भरले असं समजू. दर सरकार दर तिमाहीला ठरवतं, त्यामुळे 35 वर्षं तो असाच राहील असं कोणी सांगू शकणार नाही. पण दोघांनाही तोच दर लावला, तर तुलनेपुरतं चालून जातं.

25 ते 60 दरमहा 5,000 भरले तर खिशातून जातात 21 लाख आणि हातात येतात साधारण 88 लाख. 35 ते 60 भरले तर जातात 15 लाख, येतात साधारण 40 लाख. म्हणजे 6 लाख जास्त भरल्याने 48 लाखांचा फरक पडतो.

हे आकडे बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेले असतात, आणि पाहून सोडूनही दिलेले असतात. मीही तेच केलं होतं. मला ते खरे पटले बायकोच्या पासबुकातल्या एका ओळीमुळे. पीपीएफचं व्याज वर्षातून एकदाच, 31 मार्चला जमा होतं. लवकर सुरू करणाऱ्याच्या खात्यात दहाव्या वर्षाअखेर सुमारे 8 लाख 65 हजार असतात. त्यावर पुढच्या वर्षाचं व्याज होतं 61 हजारांच्या वर. वर्षाचा भरणा असतो 60 हजार. म्हणजे अकराव्या वर्षापासून खातं स्वतःच दरमहा आणखी 5,000 भरायला लागतं, आणि नेमका तेव्हा 35 वर्षांचा माणूस आपला पहिला हप्ता भरत असतो. बायकोच्या वेळी दर आधी 8 टक्के आणि नंतर त्याच्याही पुढे होते, त्यामुळे तिच्याकडे हे दहा वर्षं पुरी व्हायच्या आतच झालं. पासबुक छापून आणलं तेव्हा तिने व्याजाच्या आकड्यावर बोट ठेवून विचारलं होतं, "हे एवढे मी भरले का?"

याच कारणाने आणखी एक गोष्ट घडते, जी ऐकून भाचा जेवता जेवता थांबला. समजा, लवकर सुरू करणाऱ्याने 35 व्या वर्षी भरणं जवळपास बंद केलं. खातं चालू राहण्यापुरते वर्षाला किमान 500 तेवढे टाकले. तरी पहिल्या दहा वर्षांचे 6 लाख साठाव्या वर्षी 48 लाख होतात. उशिरा सुरू करून 25 वर्षं न चुकता भरणाऱ्याचे 40 लाखच. मात्र हे कमी दरात होत नाही. दर 4 टक्के धरला तर हाच हिशेब उलटतो, तिथे 25 वर्षं भरणारा पुढे राहतो. अंदाजे 6 टक्क्यांच्या आसपास दोघं बरोबरीत येतात, त्याच्यावर मात्र पहिली दहा वर्षं जिंकतात.

आता दुसरी बाजू, कारण तीही खोटी नाही. 88 लाख गाठायला 35 ला सुरू करणाऱ्याने दरमहा साधारण 11,000 भरायला हवेत. ऐकायला सव्वादोन पट वाटतं. पण 25 ला पगार 25,000 असेल आणि तो वर्षाला 8 टक्क्यांनी वाढला, तर 35 ला तो 54,000 च्या आसपास जातो. 25,000 तले 5,000 आणि 54,000 तले 11,000, दोन्ही जवळजवळ पाचवा हिस्सा. कागदावर बघितलं तर उशीर करणाऱ्याचं फारसं नुकसान नाही. भाचाही नकळत हेच म्हणत होता, आणि मीही पस्तिशीत नेमका हाच विचार करून निघालो होतो.

तेव्हा पीपीएफचा दर 8.7 टक्के होता. दर जितका जास्त, तितका उशीर महाग पडतो. त्या दराने 25 पासूनच्या 5,000 ची बरोबरी करायला महिन्याला 12,500 च्या जवळ भरावे लागत होते, आणि त्याच वर्षी वार्षिक मर्यादा दीड लाख झाली होती, म्हणजे महिन्याला बरोबर 12,500. मी तेवढेच ठरवले.

माझा पगार 7 तारखेला व्हायचा आणि घराच्या कर्जाचा हप्ता 5 ला कापला जायचा. पीपीएफला पूर्ण महिन्याचं व्याज हवं तर पैसे 5 च्या आत हवेत, कारण 5 तारखेपासून महिनाअखेरपर्यंतची सर्वांत कमी शिल्लक धरून व्याज लागतं. एप्रिल-मे निभावले. जूनला शाळेची फी, वह्या-पुस्तकं, रेनकोट, आणि सोसायटीने पावसाळ्याआधी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी काढलेली वर्गणी. त्या महिन्यात 12,500 गेले नाहीत. जुलैला अर्धेच गेले. मग गणपती. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कुठूनतरी गोळा करून एकरकमी टाकले, त्यावर त्या वर्षाचं व्याज शून्य. दुसऱ्या वर्षीही तेच, तिसऱ्या वर्षीही तेच.

मला जाचलं ते हेच. पगाराचा पाचवा हिस्सा 35 लाही पाचवाच असतो, पण तो मोकळा नसतो. 25 ला आईवडिलांच्या घरी राहताना तो हिस्सा हॉटेल, कपडे, मोबाइल यांच्यातून काढायचा असतो. 35 ला तो मुलाची फी आणि बँकेचा हप्ता यांच्याशी भांडून काढावा लागतो, आणि दर महिन्याला नव्याने. बायकोचे पैसे लग्नाआधीपासून जात होते, घरखर्च बसवताना ते हिशेबात धरलेलेच नव्हते.

लवकर सुरू करणाऱ्याचाही घात होतो, तो मधेच काढण्याने. पीपीएफमधून सातव्या आर्थिक वर्षापासून काही रक्कम काढता येते, आणि नेमकी तेव्हाच लग्नं आणि घराची डाउन पेमेंट असतात. माझ्या एका सहकाऱ्याने 24 ला सुरू केलं आणि तिशी ओलांडल्यावर काढता येईल तेवढं काढलं. वेळ त्याची तशी होती, त्याला दोष देत नाही. पण पस्तिशीत त्याचं खातं आणि माझं खातं यांत फार फरक उरला नव्हता. भाच्याला म्हटलं, लग्नासाठी वेगळी आरडी काढ, याला हात लावू नकोस. 5,000 झेपत नसतील तर 3,000 ने कर, पण आत्ता कर.

ज्यांची पस्तिशी उलटली आहे त्यांनी माझ्यासारखे 12,500 धरू नयेत असं मला वाटतं. चौथ्या वर्षी मी ते 6,000 वर आणले, एका महिन्याचा हप्ता खात्यात कायम पुढे ठेवला आणि 1 तारखेची स्थायी सूचना लावली. त्यानंतर एकही जून चुकलेला नाही. भाच्याचा पगार महिनाअखेरीलाच होतो, त्यामुळे त्याची सूचना 2 तारखेची लावली.