मोझार्टची अंत्ययात्रा: वादळ गाळावं की तपासून सांगावं?

नागपुरात मोझार्टचं मराठी चरित्र लिहिणाऱ्या मित्राशी बर्डीवर चहा घेताना वाद झाला. जुन्या पुस्तकांत डिसेंबर 1791 मधल्या अंत्ययात्रेत बर्फाचं वादळ येतं आणि लोक वाटेतूनच परततात. हा प्रसंग गाळायचा, की छाननीसकट सांगायचा?

गाळला तर प्रकरण आटोपशीर होतं. पण वाचकाने वादळ आधी कुठेतरी वाचलेलं असतं. लेखकाला ते ठाऊकच नाही, असं त्याला वाटणार.

सांगायचं तर आधी उगम गाठावा लागतो. वादळाची हकिकत 1856 मध्ये व्हिएन्नाच्या एका वृत्तपत्रात छापून आली, म्हणजे चक्क साठहून अधिक वर्षांनी. उलट त्या वेळी व्हिएन्नातच राहणारा काउंट झिन्झेनडॉर्फ रोजनिशीत हवामान टिपून ठेवायचा. 6 डिसेंबरला त्याने सौम्य हवा आणि वारंवार धुकं नोंदवलंय. त्याला मोझार्टची कहाणी रंगवायची नव्हती, म्हणून त्याचा शब्द जड. मात्र दफन 6 ला की 7 ला, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. तेवढी फट उघडी ठेवावी.

मला दुसरी वाट पटते, चार ओळी जास्त गेल्या तरी. फक्त ‘असं म्हणतात’ लिहून सुटू नये. कोण म्हणतं आणि कधीपासून, ते तिथेच यावं.