जन्मवार्तेचं कार्ड: ऑनलाइन टेम्प्लेट की घरी बसून गिम्प?

दोन बाळांची दोन कार्डं केली. थोरलीचं ऑनलाइन टेम्प्लेटवर, धाकट्याचं घरच्या कॉम्प्युटरवर, गिम्प या चित्रं-फोटो जुळवायच्या फुकट प्रोग्रॅममध्ये. त्यामुळे नुकतं बाळ झालेल्या मित्रांकडून हमखास विचारणा होते, की कशात करू?

दिसण्यापुरतं बोलायचं तर टेम्प्लेट पुढे आहे, हे आधीच मान्य करतो. ढग, चंद्र, पानाफुलांची महिरप हे सगळं कुणा चित्रकाराने जमवून ठेवलेलं असतं. आपण फोटो चढवायचा, नाव टाकायचं, की दहा मिनिटांत कार्ड तयार. रात्रभर जागलेल्या माणसाला याहून जास्त काही झेपतही नाही. गिम्पमध्ये माझ्या दोन संध्याकाळी गेल्या, त्यातली एक सजावटीचं चित्र शोधण्यात.

तरी मी टेम्प्लेट सोडलं, त्याला कारण एक पीडीएफ.

थोरलीच्या फोटोत तिच्या पायापाशी हॉस्पिटलचा पट्टा दिसत होता. त्यावर आईचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, जन्माची वेळ. मी फोटो गोल चौकटीत असा बसवला की फक्त चेहरा राहिला. छापायला बरं म्हणून पीडीएफ उतरवलं आणि तेच सगळ्यांना पाठवलं. आठवडाभराने मामेभावाला त्यातली महिरप हवी होती. त्याने फाइल इंकस्केप या चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये उघडली, गोल चौकट बाजूला केली आणि मला फोन केला, "दादा, वहिनीचं नाव आणि हा नंबर यात ठेवायचाय का?"

चौकटीने फोटो कापलाच नव्हता, नुसता झाकला होता. पीडीएफमध्ये असं सर्रास होतं: अख्खा फोटो आत राहतो आणि त्यातला किती दाखवायचा एवढीच सूचना सोबत जाते. सगळ्याच साइट असं करत असतील असं नाही. काही उतरवताना खरंच कापतही असतील. पण पडद्यावर बघून ते कळत नाही. तुमच्या कार्डाचं बघायचं असेल तर पॉपलर या पीडीएफच्या फुकट साधनांमधली ही आज्ञा टर्मिनलमध्ये चालवा:

```
pdfimages -all card.pdf photo
```

पीडीएफमधली चित्रं वेगवेगळ्या फाइल होऊन बाहेर येतात. त्यात चौकटीबाहेरचा पाळणा, पट्टा, खाटेवरची हॉस्पिटलची फाइल दिसली, तर ज्याला ज्याला कार्ड गेलं त्याच्याकडे तेही गेलं.

धाकट्याच्या वेळी म्हणून उलटा मार्ग धरला. चित्र वरच्या थरावर, फोटो खालच्या. चित्राच्या थराला अल्फा चॅनल दिला, म्हणजे पुसलेली जागा पारदर्शक होते, लंबगोल निवड केली, कड जराशी मऊ केली आणि तेवढा भाग पुसला. झाली खिडकी. मग खालचा फोटो सरकवत चेहरा खिडकीत आणला. शेवटी जेपीईजी काढलं की सगळे थर एक होतात आणि चित्राखाली गेलेला फोटो उरतच नाही. जेपीईजी काढताना एक्झिफ, म्हणजे फोटोसोबत लपून जाणारी माहिती, आणि थंबनेल या पर्यायांपुढच्या खुणा काढून टाकतो. एक्झिफमध्ये फोटो कुठे काढला ते असू शकतं, आणि थंबनेलमध्ये कधीकधी न कापलेला जुना फोटो बारीक रूपात राहून जातो. फक्त गिम्पची स्वतःची एक्ससीएफ फाइल कुणाला द्यायची नाही. तिच्यात सगळे थर जसेच्या तसे असतात.

खिडकीचा आणखी एक फायदा नंतर लक्षात आला. टेम्प्लेटने आपोआप पार्श्वभूमी काढली तेव्हा थोरलीच्या कपाळावरची लव आणि एका कानाची कड गेली होती. खिडकीत बाळ कापावंच लागत नाही. पण बाळ चंद्रावर झोपलंय असं काही हवं असेल, तर तिथे टेम्प्लेटच सोपं. गिम्पमध्ये पांढऱ्या चादरीवरचा फोटो वर घेऊन मल्टिप्लाय मोड लावला की चादर बऱ्यापैकी विरून जाते आणि बाळाची सावली चित्रावर छान बसते. चित्र मात्र बाळाच्या मागे जवळजवळ पांढरं हवं. गडद निळ्या आकाशावर माझं बाळही निळं झालं होतं!

टेम्प्लेटच वापरायचं असेल तर निदान फोटो आधी फोनमध्येच कापा, कापलेल्याचा स्क्रीनशॉट घ्या, आणि तोच चढवा. कार्ड पीडीएफऐवजी चित्र म्हणून उतरवा. लिंक पाठवू नका, ती पुढे कुणाकडे जाईल सांगता येत नाही. कार्ड पुसलं तरी चढवलेला फोटो खात्यात वेगळा राहिलेला असू शकतो. मला माझा चार महिन्यांनी सापडला.

मजकुराचं दोन्हीकडे सारखंच. धाकट्याच्या कार्डावर मी हाक मारायचं नाव, महिना आणि वजन एवढंच लिहिलं. पूर्ण तारीख ज्यांना लागते ते फोन करून विचारतातच, आणि माझ्या आईने तर वेळही विचारून घेतली.