फोटोवरनं नाणं खरं की खोटं: मोबाईल, पाण्याचा ग्लास आणि टंच मशीन, कशावर किती भरवसा ठेवायचा

गेल्या महिन्यात विट्याच्या मावसभावाचा रात्री साडेदहाला मेसेज आला, दोन फोटो आणि खाली एक ओळ, "दादा १९३९ चा रुपया मिळतोय, खरा आहे का सांग, उद्या सकाळी पैसे द्यायचेत." आता सहाव्या जॉर्जचा १९३९ चा चांदीचा रुपया म्हणजे काय प्रकरण आहे ते ज्याने चार नाणी गोळा केलीत त्याला माहिती असतं. १९३८ चा रुपया कुठंही मिळतो, १९४० पासूनचेही ढिगाने मिळतात (फक्त त्यात चांदी निम्मीच), पण मधला ३९ चा दुर्मिळ, म्हणून त्याला चांदीच्या भावाच्या कितीतरी पट किंमत येते आणि म्हणूनच त्याच्या नकला बाजारात भरपूर.

फोटो बघून मी "ओरिजिनल आहे, घे" म्हणलो असतो तर तो खुश झाला असता. पण फोटोवरनं एवढं म्हणता येतच नाही.

फोटोत काय नसतं ते आधी बघा. वजन नाही, धातू नाही, आवाज नाही, कड बहुतेक वेळा नाही. जे असतं तेही अर्धवट. रुपयाचा व्यास साधारण साडेतीस मिलिमीटर. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो, लांब बाजूला सोळाशेच्या आसपास पिक्सेल उरतात, आणि भावाने नाणं तळहातावर ठेवून लांबून फोटो काढलेला, म्हणजे नाण्याच्या वाट्याला आले जेमतेम चारशे पिक्सेल. मिलिमीटरला तेरा. सालाचा आकडा दोन मिलिमीटर उंच धरला तर तो अख्खा आकडा सव्वीस पिक्सेलात बसवलेला, आणि कुणी साल कोरून बदललं असेल तर त्या कोरणीचा ओरखडा असतो केसाएवढा, समजा ०.०५ मिलिमीटर, तो एका पिक्सेलातही येत नाही. वर मोबाईल स्वतःच्या अकलेनं खडबडीतपणा पुसतो आणि कडा धारदार करतो. त्यामुळे "ओरखडे दिसत नाहीत" याचा अर्थ "ओरखडे नाहीत" असा होत नाही, तिथं ओरखडा असता तरी दिसला नसता एवढाच होतो.

फोटो एकाच बाजूनं पक्का बोलतो हे मात्र डोक्यात ठेवा. खोटं असेल तर फोटो कधीकधी जवळजवळ नक्की सांगू शकतो, ओतीव नाण्यावरचे बारीक बुडबुडे, वितळल्यासारखी गोल झालेली अक्षरं, किंवा त्या सालाच्या नाण्यावर येऊच शकत नाही असा छाप. खरं आहे हे मात्र तो कधीच पक्कं सांगत नाही, कारण दोष न दिसणं म्हणजे फक्त माझ्या चाळणीतनं नाणं खाली पडलं नाही एवढंच, आणि चांगल्या साच्यानं ठोकलेली नक्कलही त्या चाळणीवर टिकते.

मग टक्का कुठनं आणायचा? मी वहीत असा हिशोब करतो, आणि यातले आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, कुठल्या अभ्यासातले नाहीत. बाजारात अनोळखी माणूस १९३९ चा म्हणून दाखवतो अशी १०० नाणी धरा. त्यातली ४० खरी, ६० खोटी असं मी धरतो. माझ्या नजरेला बरा फोटो मिळाला तर खऱ्यातली ३८ मी पास करेन (दोन उगाच नापास होतील, अशी माझी चूक होते), आणि खोट्यातली ४८ पकडेन, म्हणजे १२ माझ्या हातनं निसटतील. पास झालेली एकूण ५०, त्यात खरी ३८. झाले ७६ टक्के. म्हणजे फोटोत एकही दोष न दिसलेल्या नाण्यावरही चारात एक खोटं निघायची शक्यता.

आता तोच फोटो, तोच मी, पण नाणं आजीच्या पेटीतलं १९१८ चा साधा रुपया असेल तर? त्याची नक्कल करून कुणाला फार फायदा नाही, म्हणून १०० त ९५ खरी धरतो. ९५ तली ९० पास, ५ खोट्यातलं १ पास. ९१ त ९०, म्हणजे ९९ टक्के. नजर तीच, फोटो तसाच, आकडा ७६ चा ९९ झाला, फक्त नाणं कुठनं आलं ते बदललं. त्यामुळे जो माणूस "कुठं मिळालं" हे न विचारता टक्का सांगतो तो टक्का सोडून द्या.

आणि ग्रुपवर टाकून पाच जणांनी "ओके" दिलं म्हणून भरवसा पाचपट होत नाही बरं का, पाचही जणांनी तोच सव्वीस पिक्सेलचा आकडा बघितलेला असतो, फोटो जिथं आंधळा तिथं पाचही जण आंधळे.

रात्री मी भावाला लिहिलं ते असं: "दोन फोटोंवरनं दोष दिसला नाही. खरं असायची शक्यता ७५ च्या आसपास, ६० ते ८५ कुठंही धर. वजन, कड आणि सालाचा जवळचा फोटो बघितलेला नाही. पाण्यातलं वजन चुकलं तर हा आकडा एकदम खाली येईल. इसार म्हणून थोडे दे, पूर्ण नको." भाऊ वैतागला, म्हणला एवढं कशाला, हो का नाही सांग ना. पण "बहुतेक खरं आहे" असं लिहिलं असतं तर त्याने ते ९५ धरलं असतं, मी मनात ७० धरलं असतं, आणि भांडण दोन महिन्यांनी झालं असतं. म्हणून शब्द एकटा पाठवायचा नाही, आकडा, त्याची रेंज, काय बघितलं नाही आणि कशानं मत बदलेल, एवढं सोबत पाहिजे. ७६ टक्के असं लिहिणंही तसं खोटंच, कारण ४० नि ६० हेच मुळात अंदाजानं धरलेत, ते ३० नि ७० धरले तर उत्तर ६७ च्या आसपास येतं.

तो रविवारी नाणं घेऊन सांगलीला आला, विकणाऱ्यानं इसार घेऊन दोन दिवसाला दिलं होतं. (दिलं नसतं तर तीही एक खूणच होती म्हणा.)

पहिलं वजन. खऱ्याचं ठरलेलं वजन ११.६६ ग्रॅम, याचं भरलं ११.६१, थोडं झिजलेलं, चालतंय. नुसत्या वजनावर काही ठरत नाही, नकलाकार वजन बरोबर जमवतो. पाण्यात मात्र त्याला धातूही जमवावा लागतो. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा, त्यावर पाण्याचा ग्लास ठेवून शून्य केला, नाणं दोऱ्याला बांधून बुडवलं, तळाला कडेला टेकू दिलं नाही, काट्यावर १.१३ आलं. ११.६१ भागिले १.१३, घनता १०.२७. १९३८-३९ च्या रुपयात ९१.७ टक्के चांदी, त्याची घनता १०.३४ च्या आसपास येते. काटा ०.०१ नं इकडंतिकडं झाला तर उत्तर १०.१८ ते १०.३७ मधे हलतं, म्हणजे बरोबर बसलं. निम्म्या चांदीचं असतं तर काट्यावर १.२२ आलं असतं, जर्मन सिल्व्हरचं असतं तर १.३५ च्या आसपास, एवढा फरक घरच्या काट्यालाही कळतो. नाण्याला किंवा दोऱ्याला बुडबुडे चिकटले तर मात्र आकडा वाढतो, म्हणून तीनदा केलं.

आता निसटलेल्या १२ खोट्यांपैकी ७ तरी चुकीच्या धातूची असतील असं धरलं तर ती इथं बाद, उरली ५. ३८ खरी, ५ खोटी, ८८ टक्के.

भावाला वाटलं अजून टंच काढू म्हणजे नक्की होईल, तर सराफ कट्ट्यावर ओळखीच्या दुकानात नेलं, तिथं किरणांचं मशीन आहे. आकडा आला ९१.६. भाऊ खुश. मी आकडा हलवला नाही, ८८ च ठेवला. कारण मशीनने तोच प्रश्न विचारला जो पाण्याने विचारला होता, धातू कुठला, आणि उलट मशीन वरचा पातळ थरच वाचतं, जाड मुलामा असला तर फसतं, पाणी अख्ख्या नाण्याला मोजतं. विट्याकडचे गलाईवाले तरी काय वेगळं करतात, आटवून शेवटी चांदी किती तेच सांगतात. साल कुणी सांगत नाही.

आणि १९३९ च्या बाबतीत भीती सालाचीच. १९३८ चं खरं नाणं घ्यायचं, शेवटचा इंग्रजी आठ आहे त्याचा खालचा गोल डाव्या बाजूनं कोरून उघडायचा, झाला नऊ. वजन खरं, चांदी खरी, टंच खरा, घनता खरी. या एका नकलेपुढं काटा नि मशीन दोन्ही बिनकामाचे आणि ज्या फोटोला मी इतका वेळ नावं ठेवतोय तोच एक उपयोगी, पण नीट काढलेला.

नीट म्हणजे नाणं फ्रेमभर. साध्या बारा मेगापिक्सेलच्या मोबाईलवर नाणं २७०० पिक्सेल रुंद येतं, मिलिमीटरला जवळजवळ नव्वद, तोच केसाएवढा ओरखडा आता चार-पाच पिक्सेलचा होतो. मोबाईलला भिंगाची क्लिप लावली, दिवाबत्ती बंद करून एकच टॉर्च अगदी आडवी धरली, आधी डावीकडनं, मग उजवीकडनं. पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, म्हणजे दाबला जात नाही.

१९३९ त नऊ दोनदा येतो, ही मोठी सोय आहे. दोन्ही नऊ एकमेकांशेजारी ठेवून बघायचे. भावाच्या नाण्यावर दुसऱ्या आकड्याच्या नवाची शेपूट गोलाकार वळून निमुळती होत होती, शेवटच्याची शेपूट मधेच तुटल्यासारखी बोथट. उजवीकडनं टॉर्च धरली तसं त्या शेपटीच्या डावीकडं सपाट भागात तिरक्या समांतर तीन-चार रेघा चमकल्या, आणि तेवढीच जागा बशीसारखी किंचित खोल. झिजेनं असं होत नाही, झीज उंच भागावर आधी येते, खोलगट जागेत नाही. टॉर्च डावीकडं नेली तर रेघा गायब, म्हणजे एकाच दिशेनं फोटो काढला असता तर ८८ वर शिक्का मारून मोकळे झालो असतो.

वहीत लिहिलं: "धातू खरा, रुपया खरा, साल कोरलेलं. १९३९ असायची शक्यता ५ टक्क्यांच्या आत. बघितलं: वजन, पाणी, टंच, दोन बाजूंनी जवळचा फोटो. भिंगाखाली एखाद्या खऱ्या ३९ शेजारी ठेवून बघितलेलं नाही." शून्य लिहिलं नाही, कारण तेवढं एक राहिलं होतं.

वहीत असे चाळीस-एक निकाल झालेत आता. मागं बघतो तेव्हा जिथं ८०-९० लिहिलं होतं त्यातली खरी निघालेली दहात सात भरतात, म्हणजे माझी सवय जरा फुगवायची आहे, तर हल्ली मनात येतो त्यातनं दहा कमी करून सांगतो.

भावाने नाणं परत केलं, इसार काही मिळाला नाही. आता विचारतोय की १९३८ चा कोरलेला नसलेला एखादा कुठं मिळेल का, आईला दाखवायला.