वेलकम मेल: जॉइनिंगच्या दिवशी एकच मोठा, की आधी छोटा?

आमच्या टीममध्ये दोन्ही करून झालंय. आधी सोमवारी सकाळी एकच लांबलचक मेल जायचा, पॉलिसी, पीएफचा फॉर्म, सगळ्या लिंक्स, आणि जायचा कुठे तर ऑफिसच्या आयडीवर, जो उघडायला लॅपटॉप लागतो आणि लॅपटॉप आयटीकडे! मागच्या वेळी एक मुलगी त्या दिवशी घरीच बसून राहिली, कारण ऑफिसला यायचंय हे त्याच मेलमध्ये लिहिलेलं.

आता आदल्या गुरुवारीच नव्या माणसाच्या पर्सनल मेलवर पाच ओळी जातात: सोमवारी १० वाजता ऑफिसला ये, आधार-पॅन आण, गेटवर कोणाला फोन करायचा, लंच टीमसोबत. बाकीचं हळूहळू. पहिल्या आठवड्यात सोमवार-मंगळवार ऑफिसात, कारण व्हीपीएन आणि ओटीपी ॲपचं लफडं आयटीवाला शेजारी असला की पटकन सुटतं, घरून त्यातच दिवस जातो. बुधवारी घरून, बडीसोबत अर्ध्या तासाचा कॉल आणि एक छोटं खरं काम, गुरुवारी पुन्हा ऑफिस, शुक्रवारी मॅनेजरशी १५ मिनिटं.

मोठ्या मेलचा एक फायदा आहेच, नंतर शोधायला सगळं एका जागी सापडतं, म्हणून तो आम्ही मंगळवारी पाठवतो.