बदली माल: जुन्याच नावावर बिल की नवी ओळ?

ऑर्डरमधला 240 रुपयांचा चहाचा पुडा संपलाय आणि 255चा दुसरा चालेल, असं ग्राहकाने फोनवर सांगितलंय. घाईत बरेच जण बिल जुन्याच नावावर ठेवून दुसरा पुडा पिशवीत टाकतात. पैसे जुळतात, पण साठा बिघडतो: संपलेला चहा उणे एक दिसतो आणि दुसरा फळीवर आहे त्याहून एक जास्त. मग त्याची मागणी वेळेवर जात नाही.

मला दुसरी पद्धतच पटते. जुनी ओळ काढा, दिलेला पुडा स्कॅन करा आणि वरचे 15 रुपये सूट म्हणून वेगळे दाखवा. मालाचा मूळ दर बदलू नका. बदली माल स्वस्त असेल तर त्याचाच भाव लावा. पुडा परत आला, तरी योग्य नावावरच जमा होतो.