रेडिओ, व्हॉइस-ओव्हर की डबिंग: आवाजावर पोट भरायचं तर

वाचन अडखळत नाही, उच्चार स्वच्छ आहेत, बोलायला लागलं की लोक ऐकतात, अशा माणसाला आवाजावर पैसे मिळवायचे असतील तर ढोबळ तीन वाटा दिसतात. रेडिओ, घरातल्या स्टुडिओत बसून केलेलं व्हॉइस-ओव्हरचं काम (ऑडिओबुक, जाहिराती, माहितीपट) आणि डबिंग. मी तिन्हीकडे काम केलेलं आहे आणि सध्या बहुतेक वेळ डबिंगला देतो. त्यामुळे पुढचं वाचताना माझा कल कुठे आहे ते लक्षात ठेवा. तुमचा स्वभाव वेगळा असेल तर निवडही वेगळी होऊ शकते.

रेडिओचं आधी सांगतो, कारण त्याचा हिशोब सरळ आहे. तिन्हींत महिन्याच्या महिन्याला ठरावीक पैसे इथेच मिळतात. पण ते पैसे आवाजाचे कमी आणि शिफ्टचे जास्त असतात. चार तासांच्या संगीताच्या कार्यक्रमात तासाला चार लिंक, म्हणजे गाण्यांच्या मधलं निवेदन, धरल्या आणि प्रत्येक लिंक मिनिटभराची असली, तर तुम्ही बोलता सोळाच मिनिटं. उरलेला वेळ गाण्यांचा क्रम, फोन, प्रायोजकांच्या ओळी, पुढच्या लिंकची तयारी यांत जातो. रेडिओवर खरं कौशल्य घड्याळाचं असतं. गाण्याच्या सुरुवातीच्या वाद्यसंगीतावर बोलून गायकाचा आवाज यायच्या आत वाक्य पूर्ण करायचं. तासाच्या ठोक्याला बातम्या असतील तर तिथून उलटा वेळ मोजत यायचं. ही सवय लागली की आयुष्यभर पुरते. उद्या डबिंगमध्ये गेलात तरी ‘हे वाक्य चार सेकंदांचं आहे’ हे आतूनच कळतं. त्यामुळे शिकण्यासाठी रेडिओ उत्तम आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे.

अडचण करारात असते. बऱ्याच ठिकाणी निवेदकाने बाहेर आवाज द्यायचा नाही, निदान परवानगीशिवाय तरी नाही, अशी अट असते. म्हणजे पगार निश्चित होतो आणि वरची कमाई बंद होते. शिवाय लिंक आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवायची पद्धत रुळल्यामुळे एकाच निवेदकाचा आवाज अनेक केंद्रांवर वापरता येतो आणि तितक्या जागा कमी होतात. रेडिओत टिकलेली बरीच माणसं पुढे कार्यक्रमांच्या आखणीकडे वळलेली मला दिसतात. तेही चांगलं काम आहे, पण ते आवाजाचं काम नव्हे.

घरच्या स्टुडिओची ओढ वेगळी असते. वेळ आपला, जागा आपली, वरिष्ठ कोणी नाही. जाहिरातीत तर मिनिटाच्या मानाने सगळ्यांत जास्त पैसे मिळतात, कारण तिथे ध्वनिमुद्रणासोबत वापराचेही पैसे असतात. आवाज कुठल्या माध्यमात, किती भूभागात आणि किती काळ वाजणार यावर आकडा ठरतो आणि मुदत संपल्यावर नूतनीकरणाचे वेगळे पैसे मागता येतात. एकदाच रक्कम घेऊन कायमचा वापर लिहून दिलात, तर तोच आवाज पुढे कितीही वर्षं वाजला तरी तुम्हाला काही मिळत नाही. हे कलम वाचल्याशिवाय सही करू नये. पण निव्वळ जाहिरातींवर घर चालवणारे फार थोडे. बाकीच्यांचं रोजचं काम म्हणजे ऑडिओबुक आणि प्रशिक्षणाचे व्हिडिओ. त्याचा हिशोब नीट मांडून बघायला हवा.

ऑडिओबुकचे पैसे बहुधा ‘तयार तासा’वर मिळतात. म्हणजे ऐकणाऱ्याला जो एक तास मिळतो, त्याचे. दहा तासांचं पुस्तक घ्या. चूक झाली की थोडं मागे जाऊन तिथूनच पुढे वाचायचं, म्हणजे पंच अँड रोल पद्धत वापरली, तरी एका तयार तासाला साधारण दोन तास वाचन लागतं. हे झाले वीस तास. दिवसाला तीन-चार तासांच्या पुढे आवाजातला ताजेपणा जातो आणि तो गेला की ऐकणाऱ्याला पहिल्या मिनिटात कळतं. म्हणून नुसतं वाचनच आठवडाभर चालतं. मग संपादन: श्वास, जिभेचे टिचकारे, खुर्चीचा आवाज काढणं. तयार तासाला आणखी तीन तास धरा, म्हणजे तीस. मग संहिता समोर ठेवून पूर्ण ऐकणं, किमान दहा तास. दहा तासांच्या मोबदल्यासाठी साठ तास गेले. हातात आलेल्या दराला सहाने भागा आणि मग ठरवा.

त्यात तांत्रिक कसोट्या असतात. ऑडिबलच्या एसीएक्स या ऑडिओबुकच्या कामांच्या संकेतस्थळावर फाइलची सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबलमध्ये, सर्वोच्च टोक उणे ३ च्या खाली आणि शांततेतला खोलीचा आवाज उणे ६० च्या खाली असावा लागतो. पहिल्या दोन गोष्टी सॉफ्टवेअरमध्ये जमवता येतात. तिसरी खोलीवर असते. पंखा, रस्ता, वरच्या मजल्यावरची पावलं हे सगळं मायक्रोफोन ऐकतो. महाग मायक्रोफोनपेक्षा जाड पडदे आणि कपड्यांनी भरलेली खोली जास्त कामाची, हे बहुतेकांना खर्च झाल्यावर कळतं.

पण मला या कामापासून दूर नेलं ते साठ तासांनी नाही. नेलं पिकअपनी. पिकअप म्हणजे काम सोपवल्यावर परत येणाऱ्या ओळी. माझी चूक असेल तर त्या फुकट करायच्या, यात वाद नाही. पण एका ग्राहकाकडून ध्वनिमुद्रण मंजूर झाल्यावर पुन्हा पुन्हा ‘दोनच वाक्यं बदलली आहेत’ असा निरोप यायचा. बदल त्यांच्या मजकुरात, वेळ माझा. आणि दोन वाक्यं म्हणजे दोन मिनिटांचं काम नसतं. मूळ ध्वनिमुद्रण सकाळी झालेलं असेल तर आवाज जरा खालचा, भरलेला असतो. संध्याकाळी तेच वाक्य वाचलं की ते वेगळ्याच माणसाचं वाटतं. मायक्रोफोनपासून तोंडाचं अंतर चार बोटांनी बदललं तरी खर्ज कमी-जास्त होतो. म्हणून आधीचा परिच्छेद कानात घेऊन तो वेग, तो सूर पकडायचा, मग नवं वाक्य बोलायचं, त्याच खोलीची शांतता मागेपुढे जोडायची आणि सांधा ऐकू येत नाही ना हे तपासायचं. एका वाक्यामागे सहज अर्धा तास जातो. करारात ‘मजकूर बदलल्यास वेगळा दर, किमान एका सत्राचे पैसे’ असं लिहून घेता येतं आणि ते जरूर लिहून घ्यावं. तरीही काम खरंच संपलं का, हे कधीच कळत नाही, ही भावना माझ्याच्याने सोसली नाही. काहींना तिचा अजिबात त्रास होत नाही. ते या वाटेवर खुशाल जाऊ शकतात.

डबिंगमध्ये हा प्रश्न जवळजवळ उरत नाही. काचेपलीकडे दिग्दर्शक आणि ध्वनिमुद्रक असतात. टेक झाला, ‘ओके’ आलं की ती ओळ माझ्या डोक्यातून उतरली. पुढे संपादन आणि मिश्रण त्यांचं. नंतर दुरुस्ती लागलीच तर बोलावतात आणि त्या सत्राचे पैसे देतात, निदान नीट चालणाऱ्या स्टुडिओत तरी.

काम मात्र अवघड आहे आणि ते कुठे अवघड आहे हे उदाहरणानेच कळेल. पडद्यावर एक पात्र जवळून दिसतंय. वाक्य सुरू होताना त्याचं तोंड उघडं आहे, मधे एकदा ओठ मिटतात, शेवटी पुन्हा मिटून किंचित पुढे येतात. संहितेत आलंय: ‘मी येणार नाही, तू थांबू नकोस.’ अर्थ बरोबर, लांबीही जवळपास बरोबर. पण ‘मी’ला ओठ मिटावे लागतात आणि पात्राचे ओठ तर उघडे आहेत. शेवटी ‘नकोस’ला माझे ओठ उघडे राहतात आणि त्याचे मिटलेत. प्रेक्षकाला कारण सांगता येणार नाही, पण खटकेल. आता ‘येणार नाही मी, नको थांबू’ म्हणून बघा. सुरुवात उघडी, मधे ‘मी’ला ओठ मिटले, शेवटी ‘बू’ला मिटून पुढे आले. लांबी जराशी कमी झाली, ती मधल्या विरामात भरून निघते. प, फ, ब, भ, म ही पाच अक्षरं जवळच्या दृश्यात चुकली की लपत नाहीत. पात्र दूर असेल किंवा पाठमोरं असेल तर कुणी बघतही नाही. असे बदल ऐनवेळी सुचवणारा कलाकार दिग्दर्शकाला पुन्हा हवा असतो.

फ्रान्समध्ये संवाद पडद्याखाली सरकत्या पट्टीवर येतात आणि खुणेच्या रेषेला भिडलं की बोलायचं असतं. इतर अनेक ठिकाणी मूळ आवाज कानात, संहिता समोर आणि पात्राच्या श्वासावर नजर, एवढ्यावरच चालतं. मी श्वासाकडे बघतो. पात्र श्वास घेतं तेव्हाच मीही घेतला की पहिलं अक्षर बहुधा जागेवर पडतं.

पैशांचं सांगायचं तर डबिंगचा दर सत्रावर, भूमिकेवर किंवा भागावर ठरतो. जर्मनी आणि स्पेनमध्ये हजेरीची ठरावीक रक्कम आणि वर टेकगणिक, म्हणजे संवादाच्या छोट्या तुकड्यागणिक, पैसे अशी पद्धत आहे. कमाई एकसारखी नसते. मालिकेत मोठी भूमिका मिळाली की काही महिने भरलेले, मग सामसूम. पैसे हातात यायला वेळ लागतो, म्हणून सुरुवातीला निदान सहा महिन्यांचा खर्च बाजूला असावा किंवा दुसरं काम चालू असावं. एकाच ठेवणीच्या भूमिका येत राहतात, हेही खरं. आणि आरडाओरडा, धापा, मारामारीचे आवाज सत्राच्या शेवटी घ्यायला सांगावं. आधी घेतले तर गळा बसतो आणि शांत संवाद खरखरीत येतात. चांगला दिग्दर्शक हे न सांगता करतो.

शिकायचं कुठे, तर नाटकात. आवाजाच्या छोट्या कार्यशाळांमधून मायक्रोफोनची ओळख होते, त्यापलीकडे फार अपेक्षा ठेवू नये. नोंदणीच्या वेळीच ‘काम मिळवून देऊ’ म्हणणाऱ्यांपासून जरा लांबच राहावं. नाटकाने दुसऱ्याच्या तोंडचं वाक्य आपलं करायची सवय लागते. त्याच्या जोडीला पहिल्याच नजरेत संहिता वाचायचा सराव रोज हवा, कारण बहुतेकदा ओळी स्टुडिओत गेल्यावरच हातात पडतात. लिपसिंकचा सराव घरी होतो. फोनवर कुणाचं तरी दोन मिनिटांचं बोलणं जवळून चित्रित करा, आवाज बंद करा, त्यावर स्वतःचे संवाद लिहून बोला आणि दुसऱ्या दिवशी बघा. पहिलं अक्षर उशिरा पडतंय की शेवटचं लांबतंय, हे लगेच दिसतं. माझ्या अनुभवात नवख्यांचं शेवटचं अक्षरच जास्त लांबतं, कारण ते पात्राचं तोंड मिटायची वाट बघत बसतात.

निवडीबाबत विचाराल तर, महिन्याला ठरावीक रक्कम लागणारच असेल तर आधी रेडिओ, पण करारातली बाहेरच्या कामाची अट वाचून. एकट्याने, शांतपणे, तासन्‌तास काम करायची आवड असेल आणि खोली शांत असेल तर ऑडिओबुक, पिकअपचा दर लेखी घेऊन. अभिनयाची ओढ असेल आणि काम स्टुडिओतच संपावं असं वाटत असेल, तर गर्दीतल्या आवाजांच्या छोट्या कामांपासून डबिंगला सुरुवात करा. त्या कामाचे पैसे थोडे असतात, पण दिग्दर्शक शेजारी उभ्या असलेल्या नव्या माणसाला एखादी ओळ देऊन बघतो ती तिथेच.