भुसावळ ते पुणे, पाच जण आणि सामान: एसटी, रेल्वे, विमान आठ महिने वापरल्यावर

पुण्यात सिंहगड रोडला बहीण राहते, त्यामुळे आमच्या वर्षभर फेऱ्या असतात. मी, बायको, आई (६८), मुलगा (९) आणि मुलगी (साडेतीन). गेल्या आठ महिन्यांत तिन्ही वाहनांनी गेलो आणि घराच्या दारापासून बहिणीच्या दारापर्यंतचा खर्च वहीत लिहीत गेलो. खालचे आकडे एका बाजूच्या प्रवासाचे आणि आम्ही प्रत्यक्ष दिलेले आहेत.

जळगावहून पुण्याला विमान आहे म्हटल्यावर आईला एकदा बसवायचंच होतं. तिकीट माणशी ₹२,९५०. दोन वर्षांवरच्या मुलाला विमानात पूर्ण सीट लागते, म्हणून धाकटीचेही पैसे पडले. पाच तिकिटांचे ₹१४,७५०, वर ऑनलाइन बुकिंगचं शुल्क ₹१,५००. विमानतळ जळगावजवळ कुसुंब्याला, म्हणून भुसावळहून गाडी केली, ₹१,२००. लोहगावहून सिंहगड रोडपर्यंत मोठी कॅब ₹९००.

खरा फटका सामानाचा बसला. आईचं यायचं उशिरा ठरलं, म्हणून तिचं तिकीट वेगळ्या पीएनआरवर निघालं. माणशी १५ किलो चेक-इन मोफत, म्हणजे पाच जणांचे ७५ किलो. आमचं सगळं सामान बरोबर ७५ किलोच होतं. पण वजनाची बेरीज होते ती एका पीएनआरपुरती. आमच्या चौघांच्या बॅगा ५२ किलो भरल्या, आठ किलोची जागा उरली. आईच्या बॅगेत कळण्याचं पीठ, बिबडे, शेव, लोणचं असं २३ किलो होतं. जादा आठ किलोचे काउंटरवर किलोला ₹५०० प्रमाणे ₹४,००० मोजले. आईच्या बॅगेतला डबा आमच्या बॅगेत सरकवता आला असता, पण आमच्या बॅगा तोवर बेल्टवरून पुढे गेल्या होत्या. म्हणून कळकळीने सांगतो: सगळ्यांचं तिकीट एकाच पीएनआरवर काढा, आणि सगळ्या बॅगा काट्यावर ठेवून पाहिल्याशिवाय एकही आत जाऊ देऊ नका. घरच्या मसाल्यासाठी नेतो त्या सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत, त्या परत काढाव्या लागल्या. सीट निवडायचे पैसे मात्र मुलांसाठी देऊ नका. एकाच पीएनआरवर असतील तर बारा वर्षांखालच्या मुलाला आई किंवा वडिलांपैकी एकाशेजारी जागा देणं कंपन्यांना २०२४ पासून बंधनकारक आहे.

एकूण ₹२२,३५०. दारापासून दारापर्यंत साडेपाच तास लागले. आई उतरल्यावर म्हणाली, "कायले इतके पैसे घातले रे?"

एसटीत हिशेब उलटा लागतो. साध्या गाडीचं पूर्ण तिकीट साधारण ₹७००. बायकोला महिला सवलतीने अर्धं, आईला अर्धं, मुलालाही अर्धं, पाच वर्षांखालची धाकटी मोफत. सगळे मिळून ₹१,७५०. दोन्हीकडच्या रिक्षा ₹५६०, वाटेतल्या ढाब्यावर ₹७००. एकूण ₹३,०१०. पण अकरा तास बसून आईची कंबर धरली आणि धाकटीला दोनदा उलटी झाली.

आता आम्ही रात्रीच्या रेल्वेनेच जातो, बहुतेक महाराष्ट्र एक्स्प्रेसने. थर्ड एसीचे चार बर्थ ₹३,३२०, रिक्षा आणि कॅब मिळून ₹६१०, एकूण ₹३,९३०. धाकटी मोफत, पण मुलाला बर्थ हवा तर पूर्ण भाडं लागतं. बर्थ न घेता अर्ध्या भाड्यात नेता येतं, तरी रात्रभर तीन बर्थवर पाच जण निजवणं मी एकदाच केलं. ज्येष्ठांची सवलत २०२० मध्ये बंद झाली, म्हणून आईचंही पूर्ण तिकीट. सामान माणशी ४० किलोपर्यंत मोफत, आणि खोबऱ्याला कुणी हात लावत नाही. थंडीत स्लीपरने गेलो तेव्हा बर्थचेच ₹१,२८० झाले, म्हणजे चौघांच्या सवलतीच्या एसटीपेक्षाही कमी.

विमानाच्या उलट, रेल्वेत आईचं तिकीट आम्ही मुद्दाम वेगळं काढतो. लोअर बर्थचा कोटा (पुरुष ६०, बायका ४५ वर्षांपासून पुढे) एकट्याच्या किंवा फार तर दोघांच्या तिकिटाला मिळतो. पाच जणांत तिचं नाव घातलं की तो हक्क जातो. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी हे फार मोलाचं आहे.

अडचण एकच, वेटिंग. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, आणि दिवाळीत पहिल्याच सकाळी बर्थ संपतात. चार्ट लागेपर्यंत ऑनलाइन तिकीट पूर्ण वेटिंगवरच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं. म्हणून सणाच्या वेळी मी चार्टची वाट न पाहता दोन दिवस आधीच एसटीचं आरक्षण करून ठेवतो. यंदा तसंच केलं, आणि आईसाठी कंबरेची उशी सोबत घेतली.